बंद मॉसफेट खरंच बंद असतो का?

प्रश्न: गेटचं व्होल्टेज थ्रेशोल्डच्या खाली असेल तर मॉसफेटमधून करंट शून्य, असं आम्हाला शिकवलं. मग चिप नुसती स्टँडबायमध्ये पडून असताना बॅटरी कोण खातं? आणि सबथ्रेशोल्ड स्विंग ६० मिलिव्होल्ट प्रति डिकेडच्या खाली जात नाही म्हणतात, तो आकडा कुठून आला?

उत्तर: ते 'शून्य' गणित सोपं करण्यासाठी धरलेलं असतं. वर्गाचं सूत्र थ्रेशोल्डच्या वरच्या भागासाठी आहे, आणि खालच्या भागाबद्दल ते गप्प बसतं. शिकत असताना मीही ड्रेन करंटचा आलेख साध्या पट्टीवर काढला होता, आणि थ्रेशोल्डच्या डावीकडे रेघ अक्षाला चिकटलेली पाहून समाधान मानलं होतं. तीच मोजमापं उभा अक्ष लॉगचा घेऊन पुन्हा काढली, तेव्हा डावीकडे एक सरळ तिरकी रेघ उभी राहिली. थ्रेशोल्डपाशी करंट संपत नव्हता. तिथून तो ठरावीक व्होल्टेजमागे दहापट या दराने उतरायला लागत होता, एवढंच. करंट दहापट कमी व्हायला गेट जितके मिलिव्होल्ट खाली आणावं लागतं, त्याला सबथ्रेशोल्ड स्विंग म्हणतात. आकडा जितका लहान, तितका स्विच चांगला.

आता ही रेघ सरळ का येते ते पाहू. एन-चॅनल मॉसफेटमध्ये सोर्स आणि ड्रेन यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने एक टेकडी असते, आणि गेट त्या टेकडीची उंची ठरवतं. थ्रेशोल्डच्या खाली टेकडी उंच असते, पण सोर्समधल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसते. उष्णतेमुळे काही मोजक्या इलेक्ट्रॉनांकडे टेकडी ओलांडण्याइतकी ऊर्जा असतेच. ते माथ्यावर पोहोचतात आणि डिफ्युजनने ड्रेनकडे सरकतात. अशा इलेक्ट्रॉनांची संख्या टेकडीच्या उंचीबरोबर घातांकीय दराने घटते आणि त्या घटीचं माप ठरवतं तापमान. म्हणजे हा करंट बायपोलर ट्रान्झिस्टरच्या करंटचा सख्खा भाऊ आहे.

```
I = I_T * 10^((VGS - VT)/S) * (1 - exp(-VDS/(kT/q)))
S = n * (kT/q) * ln(10)
```

इथे `I_T` म्हणजे थ्रेशोल्डवर असतानाचा करंट. ३०० केल्व्हिनला `kT/q` सुमारे २५.८५ मिलिव्होल्ट भरतो. त्याला २.३०३ ने गुणलं की ५९.५ येतात. तुमचे ६० ते हेच. या आकड्यात सिलिकॉन नाही, ऑक्साइडची जाडी नाही, चॅनलची लांबीही नाही. फक्त तापमान आहे. तोच ट्रान्झिस्टर द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्व्हिनला नेला तर ही मर्यादा १५ मिलिव्होल्टच्या आसपास येते.

राहिला `n`. गेटवर दिलेलं सगळं व्होल्टेज टेकडीपर्यंत पोहोचत नाही. गेटखाली ऑक्साइडचा कपॅसिटर असतो आणि त्याखाली डिप्लीशन थराचा दुसरा. दोघे मिळून व्होल्टेज वाटून घेतात, म्हणून `n` ची किंमत १ अधिक डिप्लीशन भागिले ऑक्साइड कपॅसिटन्स एवढी होते. साध्या बल्क ट्रान्झिस्टरचा स्विंग ९० असेल तर `n` दीड आहे, म्हणजे गेट ९० मिलिव्होल्ट हललं तर टेकडी ६० नेच हलते. फिनफेटमध्ये गेट चॅनलला तीन बाजूंनी वेढतं, त्यामुळे वाटणीत नुकसान कमी होतं आणि स्विंग ६० च्या जवळ येतो. पण टेकडी ओलांडूनच इलेक्ट्रॉन जाणार असतील तर ६० च्या खाली नाही.

आता स्टँडबायकडे येऊ, आणि एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा थ्रेशोल्ड ०.४ व्होल्ट, स्विंग ९०, आणि थ्रेशोल्डवरचा करंट ३०० नॅनोअँपिअर. गेट शून्यावर आणलं की आपण ४०० मिलिव्होल्ट खाली आलो, म्हणजे ४०० भागिले ९०, जवळपास साडेचार डिकेड. उरतात सुमारे ११ पिकोअँपिअर. एका ट्रान्झिस्टरसाठी हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण चिपवर एका वेळी असे १० कोटी ट्रान्झिस्टर 'बंद' अवस्थेत सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये उभे असतील, तर बेरीज १.१ मिलिअँपिअर होते. सप्लाय १ व्होल्ट असेल तर १.१ मिलिवॉट, आणि तेही घड्याळ थांबलेलं असताना.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. अडचण सप्लाय कमी करायला गेलं की सुरू होते. स्विचिंगची पॉवर व्होल्टेजच्या वर्गात जाते, त्यामुळे १ व्होल्टवरून ०.७ वर आलं की ती निम्मी होते. पण थ्रेशोल्ड ०.४ च राहिला तर गेटला थ्रेशोल्डच्या वर मिळणारा जोर ०.६ वरून ०.३ वर येतो आणि सर्किट मंदावतं. वेग थोडा परत मिळवायला थ्रेशोल्ड ०.३ केला, तर हे १०० मिलिव्होल्ट थेट घातांकात जाऊन बसतात. १०० भागिले ९० म्हणजे १.११ डिकेड, म्हणजे १३ पट. गळती ११ वरून १४० पिकोअँपिअर, आणि चिपभर १४ मिलिअँपिअर. ०.७ व्होल्टला ते जवळपास १० मिलिवॉट होतात. कामाच्या वेळची पॉवर निम्मी झाली, पण झोपेतली नऊपट वाढली. दिवसातला बहुतेक वेळ झोपून असणाऱ्या उपकरणासाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या स्केलिंगच्या नियमांत लांबी-रुंदी, ऑक्साइड, व्होल्टेज सगळं एकाच प्रमाणात लहान करायचं होतं. त्यात थ्रेशोल्डही आलाच. पण खोलीचं तापमान कुणी लहान करत नाही, म्हणून स्विंगही लहान होत नाही. थ्रेशोल्ड जसजसा खाली आणावा तसतसे शून्य व्होल्ट आणि थ्रेशोल्ड यांच्यामधले डिकेड कमी होतात. माझ्या मते पुढे सप्लाय व्होल्टेज एवढ्या हट्टाने १ व्होल्टच्या आसपास अडून बसलं त्याचं मोठं कारण हेच.

तापमानाने तर दोन्हीकडून मार बसतो. वरचीच चिप ८५ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३५८ केल्व्हिनला न्या. स्विंग तापमानाच्या प्रमाणात वाढून ९० चा साधारण १०७ होतो. त्याच वेळी थ्रेशोल्डही घसरतो. अंशामागे १ मिलिव्होल्ट धरला तर ०.४ चा ०.३४ उरतो. आता ३४० भागिले १०७, म्हणजे फक्त ३.२ डिकेड. ११ पिकोअँपिअरचे २०० होतात आणि चिपची गळती २० मिलिअँपिअरवर जाते. म्हणून गार टेबलावर मोजलेला स्टँडबाय करंट डेटाशीटमध्ये ठळक अक्षरात असतो आणि गरम डब्यातला करंट दुसऱ्या पानावर. मी स्वतः एकदा २५ अंशांच्या सिम्युलेशनवर विसंबून बॅटरीचं आयुष्य जाहीर करून बसलो होतो. उन्हाळी चाचणीत ते किती खरं ठरलं असेल, याचा अंदाज तुम्ही वरच्या गणितावरून करू शकता.

आणखी एक खाचखळगा. सूत्रातला ड्रेनचा कंस साधारण १०० मिलिव्होल्टच्या वर १ च होतो, म्हणून वाटतं की ड्रेन व्होल्टेजचा गळतीशी संबंध नाही. लांब चॅनलमध्ये ते खरं आहे. आखूड चॅनलमध्ये मात्र ड्रेनचं क्षेत्र सोर्सपर्यंत पोहोचतं आणि टेकडी स्वतःच खाली ओढतं. याला डिबल म्हणतात. ड्रेनच्या प्रत्येक व्होल्टमागे थ्रेशोल्ड १०० मिलिव्होल्टने उतरत असेल, तर ५० मिलिव्होल्ट ड्रेनवर मोजलेला ०.४ चा थ्रेशोल्ड १ व्होल्टवर ०.३ च्या जवळ असतो. बंद ट्रान्झिस्टरवर पूर्ण सप्लाय पडलेला असतो, त्यामुळे गळतीच्या हिशेबात हाच दुसरा आकडा धरायचा. पहिला धरला तर उत्तर दहापटीहून जास्त चुकेल. माझ्या वरच्या उदाहरणातले थ्रेशोल्ड पूर्ण ड्रेन व्होल्टेजवरचेच समजा.

हातात डिव्हाइस असेल तर ड्रेनला पूर्ण सप्लाय देऊन गेट फिरवा आणि लॉग पट्टीवर काढा. आपल्या उदाहरणात ०.३१ व्होल्टला ३० नॅनोअँपिअर आणि ०.१३ ला ०.३ नॅनोअँपिअर दिसायला हवा. १८० मिलिव्होल्टमध्ये दोन डिकेड, म्हणजे स्विंग ९०. हे दोन बिंदू सरळ भागातूनच घ्या. थ्रेशोल्डच्या अगदी जवळ रेघ वाकायला लागते आणि स्विंग फुगून दिसतो. खाली रेघ अचानक आडवी झाली तर आधी मीटरची मर्यादा तपासा. मीटर चांगला असूनही आडवी होत असेल, किंवा गेट शून्याच्या खाली नेल्यावर उलट वर चढत असेल, तर तो करंट सबथ्रेशोल्डचा नाही. तो गेट ऑक्साइडमधून किंवा ड्रेनच्या जंक्शनमधून येतोय. खात्री करायची असेल तर डिव्हाइस गरम करा. ऑक्साइडमधून टनेल होणारा करंट जेमतेम हलतो. सबथ्रेशोल्डचा वर पाहिला तसा वीस पटींनी उसळतो.

यावर उपाय म्हणून चिपवर दोन-तीन वेगवेगळे थ्रेशोल्ड वापरतात: जिथे वेग हवा तिथे कमी, बाकी सगळीकडे जास्त. झोपेच्या वेळी एखादा पूर्ण ब्लॉक जास्त थ्रेशोल्डच्या मोठ्या ट्रान्झिस्टरने सप्लायपासून तोडतात. आणि एक गंमत म्हणजे नुसते दोन बंद ट्रान्झिस्टर एकावर एक ठेवले तरी गळती बरीच उतरते. गळतीमुळे मधला बिंदू काही दशक मिलिव्होल्टने वर चढतो. वरच्या ट्रान्झिस्टरचं गेट शून्यावरच असतं, पण त्याचा सोर्स वर गेल्यामुळे त्याच्या दृष्टीने गेट शून्याच्याही खाली जातं. मधला बिंदू ९० मिलिव्होल्टवर आला, की आपल्या स्विंगच्या हिशेबाने त्याची गळती सरळ एक डिकेड खाली.