नफा वीस टक्के वाढला, मग ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा नफा, जागेवर का?

तुम्ही नफ्याचा आकडा पाहिलात, शेअरची संख्या पाहिली नाहीत. सुरुवातीला सगळेच इथे चुकतात.

समजा, गेल्या वर्षी नफा १०० कोटी, शेअर १० कोटी. ईपीएस १० रुपये. यंदा नफा १२० कोटी, पण कंपनीने १ ऑक्टोबरला ४ कोटी नवे शेअर विकले. ते मार्चअखेरपर्यंत सहाच महिने होते, म्हणून हिशेबात निम्मे, २ कोटी धरतात. १२० भागिले १२, म्हणजे पुन्हा १० रुपयेच. पुढच्या वर्षी मात्र पूर्ण १४ कोटी शेअर मोजले जातील; हेच १० रुपये टिकवायला १४० कोटी नफा लागेल. हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

मग नफा-तोट्याच्या पत्रकात तळाशी बेसिक, म्हणजे वर काढला तशा ईपीएसच्या खालचा डायल्युटेड ईपीएसचा आकडा बघा. ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर घेण्याचे हक्क, पुढे शेअर घेण्याचा हक्क देणारी वॉरंट, परिवर्तनीय रोखे यांचे शेअर झाले तर तुमचा वाटा किती उरेल, ते तो सांगतो. दोन्हींत फरक मोठा असेल, तर ईसॉपची टीप वाचाच.

आणि बोनस किंवा स्प्लिट झाला असेल, तर जुन्या अहवालातला ईपीएस घेऊ नका. नव्या अहवालात मागच्या वर्षाचा आकडा सुधारून दिलेला असतो, तोच घ्या.