साखरपुड्याच्या शूटसाठी क्लायंटसोबत साधं अ‍ॅग्रीमेंट करायचंय, काम, रेट आणि पेमेंट कसं लिहू?

एका पानात सगळं लिहा, फक्त शेवटचा हप्ता अल्बमवर ठेवू नका, फोटो दाखवल्यावर ठेवा. अल्बमचे फोटो निवडायला घरचे महिनोन्‌महिने लावतात आणि आपले पैसे तिथेच अडकतात, लग्नाच्या कामांत हे कायम बघतोय. समजा दादरच्या हॉलमधलं काम ४०,००० ला ठरलं, तर लिहा: सकाळी १० ते दुपारी ३, १५० एडिटेड फोटो, रॉ फाईल्स नाहीत, जादा तासाला ३,०००, बुकिंगला १६,०००, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी १६,०००, उरलेले ८,००० वॉटरमार्कवाली गॅलरी पाठवल्यापासून ७ दिवसांत, आणि ते आले की मगच मोठ्या फाईल्स. मात्र पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने क्लायंटचा असतो, त्यामुळे पोर्टफोलिओत टाकायचे असतील तर तेही त्याच पानावर लिहून सही घ्या.