तिहाईतला तिसरा हिस्सा

प्रश्न: परवा मैफलीत निवेदक म्हणाले, "आता ऐकू या एक दमदार तिहाई." तिहाई हा शब्द 'तिहेरी'वरून आला आहे का? आणि मराठीत तिहाई घेतात, वाजवतात की मारतात?

तिहेरीवरून नाही. दोन्ही शब्दांत सामाईक आहे तो फक्त 'ति'. पण तिहाईच्या आधी मला त्या 'दमदार'बद्दल बोलायचं आहे, कारण हा प्रकार मी जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो.

पाऊस दमदार असतो, फलंदाजी दमदार असते, म्हणून निवेदकाला वाटतं की जोरात वाजली ती तिहाई दमदार. तबल्यात 'दमदार'चा जोराशी काहीही संबंध नाही. दम म्हणजे श्वास. शब्द फारसी. आपण 'जरा दम घेऊ' म्हणतो तो हाच, आणि दमा, दमछाकही त्याच घरातले. तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो, त्या प्रत्येक खेपेला पल्ला म्हणतात. दोन पल्ल्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडली तर तिहाई दमदार, न सोडता पल्ल्याला पल्ला भिडवला तर बेदम. अगदी हलक्या हातानं वाजवलेली तिहाईसुद्धा दमदार असू शकते. त्या दिवशी तुम्ही ऐकलेली बहुधा बेदम असणार, कारण टाळ्या घेतात त्या बहुतेक बेदमच असतात. पण 'बेदम तिहाई' म्हणायला निवेदक धजत नाहीत. मराठीत बेदम म्हटलं की पुढे मारहाणच यायची.

आता तिहाई. अर्थ सांगत बसत नाही, तो तुम्हाला ठाऊक आहे. मजा शब्दात आहे.

हिंदी बातम्यांत 'दो तिहाई बहुमत' ऐकलं असेल. आपण त्याला दोन तृतीयांश म्हणतो. म्हणजे हिंदी माणसाच्या कानाला तिहाई हा आधी अपूर्णांक आहे, एक तृतीयांश. आपल्याकडे त्याची बहीण इतिहासाच्या पुस्तकात बसली आहे: चौथाई. मराठ्यांनी वसूल केलेला महसुलाचा चौथा हिस्सा, ती चौथाई. आणि शेतीत पिकाच्या वाटणीची बोली 'तिजाई'नं ठरते, तेव्हा तिसराच हिस्सा म्हणायचा असतो. तर तिहाई म्हणजे त्रिभाग. मूळ संस्कृत शब्दच 'त्रिभाग'.

त्रिभागाचा तिहाई होतो कसा? दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'भ' प्राकृतात 'ह' होतो. प्रभातची पहाट झाली ती याच वाटेनं, गभीरचा गहिरा झाला तोही. आणि तसाच मध्ये सापडलेला एकटा 'ग' गळून जातो. त्रिभाग, तिहाअ, तिहाई. आता शेजारी 'सौभाग्य' ठेवून बघा. त्याचा हिंदीत 'सुहाग' झाला. भ चा ह झालाच, पण ग टिकला. का? कारण तिथे नुसता ग नव्हता, 'ग्य' हे जोडाक्षर होतं. प्राकृतात त्याचा दुहेरी ग झाला, आणि दुहेरी व्यंजन गळत नाही, पुढे एकेरी होऊन उरतं. एकाच 'भज्' धातूची दोन लेकरं, एकाला ग मिळाला, दुसऱ्याला नाही. सुहाग आणि तिहाई ही भावंडं आहेत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तबला बाजूला ठेवून तासभर कोश चाळत बसलो होतो.

काही जाणकार ठासून सांगतात की 'तीन'ला 'आई' लागून तिहाई झाली, जशी लंबाई, ऊंचाई. मग त्यांनी सांगावं की ह कुठून आला. ह फुकट येत नाही. बाहत्तरमध्ये ह आहे, तो सत्तरच्या स चा आहे. तिहाईतला ह भागाच्या भ चा आहे. 'उच्चाराच्या सोयीसाठी आला' हे उत्तर जिथे अभ्यास संपतो तिथे दिलं जातं.

यावर एक रास्त शंका निघते. वाजतं तीनदा, मग नाव तिसऱ्या हिश्श्याचं कसं? माझं मत असं की नाव आधी एका पल्ल्याचं असणार, पूर्ण बांधणीचा एक तृतीयांश, आणि तेच पुढे अख्ख्या बांधणीला चिकटलं. लिखित पुरावा मी देऊ शकत नाही, पण वाजवताना हिशोब नेमका तसाच करावा लागतो, आणि माझ्या दृष्टीनं तोच मोठा पुरावा.

सोळा मात्रांच्या तीनतालात करून बघू. तुकडा घ्या 'तिटकत गदिगन धा', तीन मात्रांचा. बेदम वाजवायचा. तिसऱ्या पल्ल्याचा धा समेवर, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे, म्हणजे नऊ मात्रांतली शेवटची मात्रा सम. मागे मोजत गेलं की सुरुवात येते नवव्या मात्रेवर, म्हणजे जिथे टाळीऐवजी रिकामा हात दाखवतात त्या 'खाली'वर. पहिला धा अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्या, तिसरा समेवर. हातानं खाली दाखवा आणि तिथूनच तोंडानं पढंत सुरू करा, आपोआप जुळेल.

आता हाच तुकडा समेपासून समेपर्यंत पसरायचा आहे. समेपासून पुढच्या समेपर्यंत, ती पुढची सम धरून, 17 मात्रा होतात. इथेच नवशिके 16 धरतात आणि फसतात. तीन पल्ल्यांच्या 9 गेल्या, उरल्या 8, आणि दम दोनच असतात. म्हणून प्रत्येक दम 4 मात्रांचा. पहिला धा तिसरीवर, चार मात्रा गप्प, दुसरा पल्ला आठवीपासून, धा दहावीवर, पुन्हा चार मात्रा गप्प, पंधरावी, सोळावी आणि सम.

यात नेहमी होणारी चूक एकच: धा वाजल्याची मात्राही दमात मोजली जाते. मग दम चारऐवजी तीनच मात्रांचा राहतो. कमी पडते एक मात्रा, पण दम दोन असल्यामुळे शेवटचा धा समेच्या दोन मात्रा आधी, पंधरावीवर येऊन आदळतो. पल्ल्यातच एक मात्रा चुकली तर ती तीनदा चुकते. म्हणून तिहाई किती मात्रांनी हुकली यावरून चूक कुठे झाली त्याचा माग निघतो. दोननं हुकली तर आधी दम तपासा, तीननं हुकली तर तुकडा. माझ्या गुरुजींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "दम मोज, धा मोजू नकोस," आणि तेवढ्यानं महिनाभराची रडकथा संपली.

हा सगळा हिशोब हिश्श्यांचा आहे. एकूण जागा ठरते, तिचे भाग पडतात, मग तुकडा बसतो. म्हणून मी त्रिभागावर इतका अडून बसतो.

आणि सतारीकडे गेलं की माझी खात्री आणखी वाढते. मसीतखानी गत म्हणजे सतारीवरची संथ लयीतली बांधलेली रचना. तिचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, बाराव्या मात्रेवरून उठतो: दिर दा दिर दा रा, आणि समेवर दा. बारा ते सोळा या पाच मात्रा आणि सम मिळून सहा. आता या मुखड्याचीच बेदम तिहाई करायची. सहा त्रिक अठरा, शेवटची मात्रा सम, म्हणजे सुरुवात आधीच्या आवर्तनाच्या सोळाव्या मात्रेवर. पहिला पल्ला सोळावीपासून निघून पुढच्या आवर्तनाच्या पाचवीवर संपतो, दुसरा सहावी ते अकरावी. आणि तिसरा? तो बारावीवर येतो, जिथे गतीचा मुखडा एरवीही येणारच होता. वादकानं वेगळं काही वाजवलेलं नाही. पहिले दोन पल्ले त्याचे, तिसरा हिस्सा गतीचाच. ऐकणाऱ्याला वाटतं तिहाई संपली, आणि त्याच क्षणी कळतं की गत कधीच सुरू झाली आहे. साथीचा तबलजी हे आधी ओळखतो. पहिला पल्ला सोळावीसारख्या अडनिड्या मात्रेवर उठला की तो सतारियाच्या उजव्या हाताकडे बघू लागतो.

याच कारणासाठी पाठ्यपुस्तकातली 'तिहाई समेवरच संपते' ही व्याख्या मला अपुरी वाटते. सतारिये पुष्कळदा तिहाई मुखड्याच्या उठावावर आणून सोडतात. अकरावीवर शेवटचा दा, बारावीवर दिर उठला, आणि समेचं काम मुखड्यानं केलं. गायकही बंदिशीच्या मुखड्याशी असंच करतात. परीक्षेत व्याख्या लिहा खुशाल, पण त्या व्याख्येवरून समोर बसलेल्या वादकाला चूक ठरवू नका. मी हे घडताना पाहिलं आहे, आणि वादकाचं बरोबर होतं.

तुमच्या कानावर कधी 'तेहाई' पडलं तर तेही चूक नाही, बंगालीत ते तसंच म्हणतात.

हं, क्रियापद. मराठीत तिहाई घेतात. तबल्यावर वाजवतातही, गाण्यात आणि नाचात घेतातच. 'मारली' हे मी लिहिणार नाही. आणि ती घेऊन माणूस 'समेवर' येतो. 'समवर' नाही. सम मराठीत स्त्रीलिंगी आहे, ती सम, तिच्यावर, समेवर. तुमच्या निवेदकांना दमदारबद्दल सांगाल तेव्हा हेही सांगा.