बाजारातून गाडी काढताना डावं मागचं चाक सांभाळा

प्रश्न: गणपतीला मुंबईहून गाडी घेऊन मालवणला येतो. बाजारातल्या गर्दीतून गाडी काढताना घाम फुटतो. कुठे घासू नये, कुणाला लागू नये म्हणून नक्की काय करायचं?

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. सपाट रस्त्यावर नुसता क्लच सोडला तरी ती ताशी 6-7 किलोमीटरने सरकते, तेवढं पुरे. ताशी 20 ने जात असाल, तर माणूस आडवा आल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. ताशी 7 ला जेमतेम दोन मीटर. त्याहून हळू जायची वेळ आली, तर अर्ध्या क्लचवर ताटकळू नका, क्लच प्लेट जळते. थांबा, पुढे गाडीभर जागा झाली की तेवढीच सरका.

बहुतेक वेळा घासतं ते डाव्या बाजूला, मागे. समजा डावीकडे स्कूटर लावलेली आहे, उजवीकडे शहाळ्यांची हातगाडी. तुम्ही स्कूटरपासून अंतर ठेवून पुढे आलात, बॉनेट सुटलं, आणि हातगाडी टाळायला लगेच डावीकडे स्टीअरिंग वळवलंत. मागचं चाक पुढच्याच्या मार्गाने येत नाही, आतून येतं. पूर्ण वळवलं तर दोन फूट आत. म्हणजे स्कूटर मागच्या दाराला लागणार. म्हणून मागचं दार स्कूटरच्या पुढे जाईपर्यंत स्टीअरिंग सरळच ठेवायचं. अनेकजण अरुंद जागा दिसली की दोन्ही आरसे मिटतात. मला ते पटत नाही. तेवढा भाग काढण्यापुरता डावा आरसा खाली झुकवा, म्हणजे मागचं चाक आणि गटाराची कड दोन्ही दिसतील. आपल्याकडे गटारावर फरशी असली, तरी ती गाडीचं वजन पेलेलच असं नाही. चाक तिच्यावर नेऊ नका.

उभ्या टेम्पोजवळून जाताना त्याच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का बघा. मुलं तिथूनच बाहेर येतात. गणपतीच्या दिवसांत पाऊस असला की छत्रीखालच्या माणसाला तुमची गाडी दिसत नाही आणि हॉर्नने तो दचकून कुठल्याही बाजूला सरतो. त्याच्या मागे थांबा, दोन पावलांत तो स्वतःच वळून बघतो. हॉर्न एकदाच, हलका, तोही लांबून.

हातगाडीला ब्रेक नसतो. उतारावर भरलेली गाडी समोरून येत असेल, तर ओढणाऱ्याने थांबावं अशी अपेक्षाच धरू नका, आधी तुम्ही थांबा आणि त्याला जाऊ द्या. समोरून रिक्षा आली आणि दोघांना जागा नसेल, तर ज्याच्या मागे मोकळी जागा जवळ आहे त्याने मागे घ्यावं. तुम्हाला घ्यावं लागलं, तर सोबतच्याला खाली उतरवा. त्याला गाडीच्या थेट मागे नाही, डाव्या कोपऱ्याच्या बाहेर, आरशात दिसेल असा उभा करा. तो आरशातून दिसेनासा झाला, की ब्रेक.