ऑफर स्वीकारल्याचं चार ओळींचं उत्तर: आधी तारीख, मग होकार

प्रश्न: सोमवारी, २५ मेला ऑफर लेटर आलंय. १ जुलैला जॉइन व्हा असं त्यात आहे आणि शुक्रवार, २९ मेपर्यंत होकार कळवायचाय. होकार, रुजू होण्याची तारीख आणि कोणते कागद आणू, एवढंच मेलवर थोडक्यात लिहायचंय. अजून राजीनामा दिलेला नाही, नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. काय लिहू?

उत्तर:

मी १४ वर्षं भरतीच्या कामात आहे. अशी उत्तरं मी लिहिलेली थोडी, वाचलेली पुष्कळ. मजकूर खाली देते, पण तो पाठवण्याआधी एक गणित करून घ्या, कारण तुमच्या प्रश्नातली अडचण शब्दांची नसून तारखेची आहे.

समजा, शुक्रवारी तुम्ही होकार कळवलात आणि शनिवार-रविवार घरच्यांशी बोलून सोमवारी, १ जूनला राजीनामा दिलात. बहुतेक ठिकाणी नोटीस दुसऱ्या दिवसापासून मोजतात. म्हणजे २ जून हा पहिला दिवस आणि तिसावा दिवस १ जुलै. ज्या दिवशी नव्या ठिकाणी हजर व्हायचं, त्याच दिवशी जुन्या ठिकाणी लॅपटॉप परत करायचा! राजीनामा दिला तो दिवस धरून मोजणारी कार्यालयंही असतात. तिथे शेवटचा दिवस ३० जून येतो आणि तुम्ही जेमतेम सुटता. वरिष्ठांनी राजीनामा मंजूर केल्यापासून मोजणारेही मी पाहिलेत, आणि तिथे तर वरिष्ठ रजेवर असले की दिवस तसेच वाहून जातात. तुमच्याकडे कसं मोजतात ते तुमच्या जुन्या नेमणूकपत्रात बघा. शेजारच्या टेबलावरच्याला विचारू नका, त्याचं पत्र वेगळं असू शकतं, शिवाय बातमी फुटते ती वेगळीच.

तेव्हा तुम्हाला १ जुलैच्या पुढची तारीख हवी आहे, आणि इथेच लोक चुकतात. ते लिहितात: ‘ऑफर स्वीकारतो, फक्त १ जुलैऐवजी ६ जुलैला येईन.’ लिहिणाऱ्याला वाटतं, होकार कळवला. पण होकार हा समोरच्याने जे देऊ केलं त्यालाच, जसंच्या तसं, असावा लागतो. अट बदलून दिलेला होकार हा करार कायद्याच्या साध्या तत्त्वानुसार होकार नसतो, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरतो. व्यवहारात कोणी लगेच कोर्टात जात नाही. पण तुमची फाईल ‘स्वीकारली’ या रकान्यात न जाता ‘चर्चा चालू’मध्ये जाते, आणि शुक्रवारची मुदत उलटली की काय करायचं ते पूर्णपणे त्यांच्या हातात राहतं. आमच्याकडे एकदा असंच एक उत्तर आलं होतं. मी ते सरळ होकार समजून बाजूला ठेवलं. माझ्या सहकाऱ्याने नीट वाचलं तेव्हा कळलं की उमेदवाराची तारीख आमच्या प्रशिक्षणाच्या तुकडीनंतरची आहे. त्याची जागा राहिली, पण पुढच्या तुकडीपर्यंत त्याला थांबावं लागलं. चूक त्याच्याइतकीच माझीही होती.

म्हणून दोन मेल करा. पहिला आजच, ऑफर लेटर ज्या मेलमधून आलं त्यालाच उत्तर म्हणून:

‘नमस्कार, आपलं २५ मे २०२६ चं ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. मला ही नोकरी स्वीकारायची आहे. पत्रातली रुजू होण्याची तारीख १ जुलै आहे. माझ्या ३० दिवसांच्या नोटीस पिरियडचा शेवटचा दिवसही त्याच दिवशी येऊ शकतो. त्याऐवजी सोमवार, ६ जुलै २०२६ ही तारीख चालेल का? आपला होकार मेलवर आला की शुक्रवारपर्यंत सही केलेलं पत्र पाठवतो.’

‘स्वीकारायची आहे’ आणि ‘स्वीकारतो’ यांतला फरक मुद्दाम ठेवलाय. पहिल्यात इच्छा कळते, दुसऱ्याने तुम्ही बांधले जाता. ६ जुलै एवढ्यासाठी सुचवली की सोमवारी नव्या लोकांना घेणं बहुतेक एचआरना सोयीचं असतं, आणि तुम्हालाही मधे चार दिवस हाताशी राहतात.

गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करा. फोनवर ‘हो, चालेल’ म्हणाले तर त्यांना मेलवर तेवढी एक ओळ टाकायला सांगा. शुक्रवारीही काहीच हाती आलं नाही, तर १ जुलै हीच तारीख स्वीकारा आणि राजीनामा त्याच शुक्रवारी द्या, सोमवारी नको. २९ मेला दिलेला राजीनामा दुसऱ्या दिवसापासून मोजला तर तिसावा दिवस २८ जूनला येतो आणि १ जुलै मोकळा राहतो. शनिवार-रविवार वाया घालवला की नाही, एवढ्यावर हे ठरतं. मंजुरीपासून मोजणारं कार्यालय असेल तर मात्र हा हिशोबही टिकत नाही. तिथे शुक्रवारीच मंजुरीचं उत्तर मागून घ्या.

तारीख जमली की दुसरा मेल. तुम्ही मागितलेला मजकूर हाच:

‘नमस्कार, (पदाचं नाव) या पदासाठीचं आपलं २५ मे २०२६ चं ऑफर लेटर मी स्वीकारत आहे. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. आपल्या कालच्या मेलमध्ये ठरल्याप्रमाणे मी सोमवार, ६ जुलै २०२६ रोजी रुजू होईन.

त्या दिवशी आणायच्या कागदपत्रांची यादी कृपया पाठवावी. मूळ प्रती दाखवायच्या आहेत की झेरॉक्स द्यायच्या आहेत, आणि काही आधी स्कॅन करून पाठवायचं असल्यास कुठे, तेही कळवावं. सध्याच्या कार्यालयाचं रिलीव्हिंग लेटर ६ जुलैपर्यंत हातात येईलच असं नाही. तोवर राजीनामा मंजूर झाल्याचा मेल चालेल का?’

खाली नाव आणि फोन नंबर. बस. विषयाची ओळ बदलू नका. तोच धागा राहिला की पत्र, तारखेची चर्चा आणि होकार एकाखाली एक दिसतात, कोणाला शोधाशोध करावी लागत नाही.

तारीख अंकात ०६/०७/२०२६ अशी लिहू नका. दिवस आधी वाचणाऱ्याला ती ६ जुलै वाटते, महिना आधी वाचणाऱ्याला ७ जून, आणि एचआरचं काम दुसऱ्या देशातून चालत असेल तर हा घोळ हमखास होतो. महिना अक्षरात लिहिला की तो प्रश्न मिटतो. सोबत वारही लिहा, कारण वार ही तारखेची साक्ष असते. ‘सोमवार, ७ जुलै’ असं आलं की आम्ही लगेच थांबतो, कारण २०२६ मध्ये ७ जुलैला मंगळवार आहे; म्हणजे एकतर वार चुकलाय किंवा तारीख. वार नसता तर तो माणूस चुकीच्या दिवशी दारात उभा राहिला असता.

आता कागद. नुसतं ‘कोणती कागदपत्रं लागतील?’ असं विचारलं की तयार साच्यातली यादी येते: ओळखीचा पुरावा, शिक्षणाची प्रमाणपत्रं, आधीच्या नोकरीचं पत्र, मागच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, बँक खात्याचा तपशील, करासाठीचा क्रमांक, फोटो. ही यादी तुम्हालाही अंदाजाने बनवता आली असती. खरी अडचण येते ती मूळ प्रत की झेरॉक्स, आधी की त्या दिवशी, आणि जो कागद अजून जन्मालाच आला नाही त्याचं काय, यांत. म्हणून मजकुरात तेच प्रश्न घातलेत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवसाआधी मिळत नाही, आणि अनेक ठिकाणी हिशोब पूर्ण झाल्यावरच देतात, त्यात काही आठवडे जातात. नव्या ठिकाणच्या यादीत मात्र ते पहिल्या दिवशीच लागतं असं छापलेलं असतं. आधीच विचारलं तर बहुतेक वेळा ‘राजीनामा मंजूर झाल्याचा मेल चालेल, पत्र नंतर द्या’ असं लेखी येतं. न विचारता गेलात तर पहिल्याच सकाळी रिसेप्शनवर बसून जुन्या ऑफिसला फोन लावावे लागतात.

तुमच्या कागदांवर नाव एकसारखं नसेल, एकीकडे आद्याक्षरं आणि दुसरीकडे पूर्ण नाव, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेलं, तर याच मेलमध्ये एक ओळ वाढवा: ‘माझ्या पदवीवर नाव असं आहे आणि ओळखपत्रावर असं, त्यासाठी वेगळा कागद लागेल का?’ पडताळणीत अडकलेल्या फाईलींमध्ये हे कारण मी फार वेळा पाहिलंय. वेगळा कागद लागणार असेल तर तो काढायला वेळही लागतो.

ओळखपत्राचे स्कॅन होकाराच्या मेलला आपणहून जोडू नका. यादी आणि पाठवायची जागा त्यांच्याकडून येऊ द्या, आणि ती मुलाखतीच्या वेळच्याच पत्त्यावरून आली आहे ना, ते पाहा. कागद मागताना कोणी ‘पडताळणी फी’ मागितली तर तिथेच थांबा आणि कंपनीच्या अधिकृत नंबरवर चौकशी करा. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची असतात. ठेवून घेतो म्हणाले तर का आणि किती दिवस ते विचारा, आणि पोच घ्या.

पगाराबद्दल, रजेबद्दल किंवा घरून काम करण्याबद्दल काही बोलायचं उरलं असेल तर ते दुसऱ्या मेलमध्ये नको, तारखेसोबत पहिल्यातच विचारा. कारण तेच: होकाराला शेपूट लावलं की तो होकार राहत नाही. आणि पत्रासोबत ‘स्वीकारा’ बटणाची लिंक असेल तर तिच्यावर दिसणारी तारीख ६ जुलै झाली आहे का, ते बघून मगच दाबा. अजून १ जुलैच दिसत असेल तर आधी ती बदलून घ्या.

राजीनामा या सगळ्यानंतर, नव्या तारखेचं लेखी उत्तर हातात आल्यावर. वर सांगितलेली शुक्रवारची वेळ आली तरी आधी होकार पाठवा, तो पोचल्याची खात्री करा आणि मग राजीनाम्याचा मेल.