रविवारचे पिव्होट आणि सोमवारचा बाजार

प्रश्न: तीन महिने डेमो खात्यावर बिटकॉइनचे इंट्राडे सौदे करतोय. रोजचे पिव्होट पॉइंट लावतो, भाव एस१ला आला की घेतो आणि पिव्होटला विकतो. दहातले सहा सौदे फायद्यात निघतात. आता खऱ्या पैशांनी उतरायचं म्हणतोय. बचतीचा चौथा हिस्सा काढून परपेच्युअल फ्यूचर्समध्ये पाचपट लिव्हरेजने सुरुवात करू का? ही पद्धत कधी दगा देते, तेही सांगा.

उत्तर: चौथा हिस्सा नको, आणि पाचपट लिव्हरेज, म्हणजे स्वतःच्या पैशांच्या पाचपट रकमेचा सौदा, तर मुळीच नको. पद्धत टाकाऊ नाही, पण खर्च जाता तिच्यातून हाती फारच थोडं उरतं. आणि जे उरतं तेही ठरावीक प्रकारच्या दिवसांतच. ते दिवस कोणते हे ओळखता येतं. त्यासाठी आधी पिव्होट, एस१ वगैरे रेषा कशातून निघतात ते बघू.

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2P - L        S1 = 2P - H
R2 = P + (H - L)   S2 = P - (H - L)
```

P म्हणजे पिव्होट, S1 आणि S2 त्याच्या खालचे आधार, R1 आणि R2 वरचे अडथळे. H, L आणि C म्हणजे आदल्या दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव. यात आजच्या बाजाराची काहीच माहिती नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आर१मधून एस१ वजा करा, उत्तर बरोबर H उणे L येतं. म्हणजे आर१ ते एस१ ही पट्टी कालच्या रेंजइतकीच रुंद असते, फक्त ती पिव्होटच्या हिशेबाने थोडी वर किंवा खाली सरकवलेली असते. एस१ला घेणारा माणूस खरं तर एवढंच म्हणत असतो की आज बाजार कालच्याइतकाच हलेल, जास्त नाही. हे गृहीतक बऱ्याच दिवशी चालून जातं, कारण शांत दिवसांमागे शांत दिवस येतात आणि खवळलेल्यांमागे खवळलेले. तुमचे सहा सौदे तिथूनच आलेत. पद्धत फसते ती बाजार एका अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा.

अशी बदलाची वेळ जवळजवळ दर आठवड्याला येते, ती सोमवारी. जानेवारी २०२४पासून अमेरिकेत बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन धरणारे आणि शेअर बाजारात विकले जाणारे फंड, सुरू आहेत आणि त्यांचे व्यवहार शनिवार-रविवारी बंद असतात. मोठे खेळाडू बाजूला असल्यामुळे रविवारची रेंज बहुतेक वेळा चिंचोळी राहते. सोमवारच्या रेषा त्या चिंचोळ्या रेंजमधून निघतात, आणि न्यूयॉर्कच्या सकाळी साडेनऊला ईटीएफ उघडले की बाजार वेगळाच होतो.

एक उदाहरण आकड्यांनी करू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. रविवारी उच्चांक ६०,३०० डॉलर, नीचांक ५९,७०० आणि बंद ६०,१५०. पिव्होट येतो ६०,०५०, एस१ ५९,८००, आर१ ६०,४०० आणि एस२ ५९,४५०. तुमच्या पद्धतीने ५९,८००ला खरेदी आणि ६०,०५०ला विक्री. स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव, एस१ आणि एस२च्या मधोमध, ५९,६२५ला धरू. जिंकलात तर २५०, हरलात तर १७५. खर्च धरला नाही तर शंभरातले ४२ सौदे जिंकले तरी पुरेसं आहे. डेमोवर हेच दिसत असणार.

आता फी धरा. जाताना ०.०५% आणि येताना ०.०५%, म्हणजे या भावाला मिळून साधारण ६० डॉलर. जिंकल्यावर हाती १९०, हरल्यावर खिशातून २३५. ना नफा ना तोटा राहायलाही आता शंभरात ५५-५६ सौदे जिंकावे लागतात. तुमच्या साठ टक्क्यांनी सौद्यामागे सरासरी २० डॉलर उरतात, ६० हजारांच्या सौद्यावर. एका बाजूची फी ०.१% असेल तर तेच साठ टक्के सौद्यामागे ४० डॉलर तोटा देतात. म्हणून डेमोच्या नोंदींत फी धरली होती का, हे सगळ्यात आधी तपासा. लिव्हरेजने हे गणित सुधारत नाही, कारण फी पूर्ण सौद्याच्या रकमेवर लागते. पाचपट लिव्हरेजवर ये-जा मिळून ०.१% फी म्हणजे तुमच्या स्वतःच्या पैशांवर ०.५%.

लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावालाच सौदा करायची ऑर्डर, टाकून फी कमी करता येते, हे खरं. पण एस१ला लावलेली खरेदीची लिमिट ऑर्डर सगळ्यात खात्रीने कधी भरते? भाव तिथून सरळ खाली निघून जात असतो तेव्हा. नुसता स्पर्श करून वर फिरलेल्या भावात तुमचा नंबर लागेलच असं नाही. डेमो खाती बरेचदा स्पर्श झाला की ऑर्डर भरली असं धरतात. आणि स्टॉप-लॉस तर बाजारभावानेच सुटतो. घसरणीत तो ठरवलेल्या भावाच्या १% खाली सुटला तर ६०० डॉलर जादा गेले, म्हणजे तीस सौद्यांची सरासरी कमाई एका फटक्यात.

आता तोच सोमवार पुढे नेऊ. भाव ५९,८००ला येतो, तुम्ही घेता, स्टॉप उडतो, आणि भाव ५९,४५०ला एस२वर टेकतो. इथे हात शिवशिवतात, कारण भाव आणखी स्वस्त दिसतो. पण सूत्र बघा, पिव्होट ते एस२ हे अंतर कालच्या पूर्ण रेंजइतकं आहे. आज भाव पिव्होटला शिवून एस२ला आला असेल, तर आजची रेंज कालच्याइतकी होऊन चुकली आहे, तीही दिवस संपायच्या आत. ज्या गृहीतकावर रेषा काढल्या ते खोटं ठरलं. अशा दिवशी एस२ला खरेदी करायला या पद्धतीत काही आधार उरत नाही. मी तर म्हणेन, त्या दिवसापुरत्या सगळ्या रेषा चार्टवरून पुसून टाका.

१२ मार्च २०२० हे याचं टोकाचं उदाहरण. त्या दिवशी बिटकॉइन आठ हजार डॉलरच्या आसपासून पाच हजारांच्या खाली गेला. आदल्या दिवसाची रेंज काही टक्क्यांचीच होती, त्यामुळे खालच्या सगळ्या रेषा घसरणीच्या वरच्याच भागात मागे पडल्या. पुढे आधार दाखवायला रेषाच शिल्लक नव्हती.

उलटही होतं. मोठ्या घसरणीच्या दुसऱ्या दिवशी रेषा इतक्या दूर जातात की निरुपयोगी ठरतात. काल ६४,००० ते ५८,००० अशी रेंज आणि ५९,५०० बंद असेल, तर एस१ ५७,०००ला आणि आर१ ६३,०००ला येतो. भाव दिवसभर मध्ये फिरतो आणि दोन्हींपैकी कशालाच शिवत नाही. यात निदान पैसे जात नाहीत, फक्त कंटाळा येतो. कंटाळून मधल्याच एखाद्या भावाला उडी मारली तर मात्र जातात.

आणखी एक अडचण क्रिप्टोची खास आहे. या रेषा आल्या वायदे बाजाराच्या फ्लोअरवरून. तिथे घंटा वाजली की बाजार बंद व्हायचा आणि सगळ्यांचा बंद भाव एकच असायचा. क्रिप्टो चोवीस तास चालतो, त्यामुळे बंद भाव हा नुसता ठरवून घेतलेला असतो. बहुतेक चार्ट यूटीसीप्रमाणे रात्री बाराला दिवस कापतात, पण काही ठिकाणी स्थानिक मध्यरात्र धरलेली असते. वरच्याच उदाहरणात ५९,७००चा नीचांक या फरकामुळे आदल्या दिवसात गेला आणि नव्या हिशेबाने नीचांक ६०,००० व बंद ६०,२४० निघाला असं समजा. मग पिव्होट ६०,१८० आणि एस१ ६०,०६०. म्हणजे एकाचा आधार दुसऱ्याच्या पिव्होटच्याही वर. एकाच रेषेकडे खूप जणांचं लक्ष असतं म्हणून ती थोडीफार काम करते, त्यामुळे यूटीसी सोडून दुसरी वेळ धरू नका. आणि TradingView वर Pivot Points Standard वापरत असाल तर सेटिंगमध्ये Auto ऐवजी Daily निवडा. Auto ठेवल्यास १५ मिनिटांपर्यंतच्या चार्टवर दैनिक रेषा येतात, पण तासाच्या चार्टवर साप्ताहिक. अनेकांचा दिवस चुकीच्या रेषांकडे बघण्यात जातो.

पद्धत कधी बंद ठेवायची, याचा माझा ठोकताळा असा. कालची रेंज मागच्या १४ दिवसांच्या सरासरी रेंजशी ताडून बघा. ती सरासरीच्या निम्म्याहून कमी असेल तर रेषा फार जवळ आल्यात, फी सगळं खाईल. दुपटीहून जास्त असेल तर रेषा फार दूर. दोन्ही वेळा सौदा नको. आणि अमेरिकेच्या महागाईचे आकडे न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतात, फेडचा व्याजदराचा निर्णय दुपारी दोनला. त्या दिवशी त्या वेळेच्या आधी सौदा उघडा ठेवू नका, कारण आकडा आल्यावर पुढच्या काही मिनिटांत भाव दोन-तीन रेषा ओलांडू शकतो.

आता पैशांचं. बचतीचा चौथा हिस्सा सौद्यामागे ०.०३% सरासरी उरणाऱ्या पद्धतीवर लावायचं कारण मला दिसत नाही, तेही साठ टक्के यश टिकलं तर. बचतीच्या २% रकमेने, एकपटीने म्हणजे लिव्हरेजशिवाय सुरू करा आणि दिवसात दोन स्टॉप उडाले की ॲप बंद करा. प्रत्येक सौद्यापुढे तीन गोष्टी लिहा: वार, कालच्या रेंजचं १४ दिवसांच्या सरासरीशी प्रमाण, आणि फी व स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, धरून प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम. शंभरेक सौदे झाले की सोमवारचे आणि मोठ्या बातमीच्या दिवसांचे सौदे वेगळे काढा. बाकीच्यांतही खर्च जाता काही उरलं नाही, तर ही पद्धत सोडून द्यायला २%च पणाला लागलेले असतील. उरलं, तर ती वही घेऊन या. रक्कम किती वाढवायची ते त्यातल्या सगळ्यात वाईट सलग तोट्यावरून ठरवू, सरासरी नफ्यावरून नाही.