२५ किलोअँपिअरचा फॉल्ट आणि १० चौरस मिलिमीटरची केबल: १० मिलिसेकंद धरायचे की वक्रावरचा I²t?

प्रश्न: १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवरून आलेल्या मुख्य पॅनेलवर २५ किलोअँपिअर फॉल्ट लेव्हल आहे. तिथल्या ६३ अँपिअरच्या एमसीसीबीवरून (थर्मल सेटिंग ५० अँपिअर, मॅग्नेटिक ६३० अँपिअर) ९० मीटरवरच्या ओव्हनच्या हीटर पॅनेलला १० चौ.मिमी., चार कोअरची तांब्याची पीव्हीसी केबल टाकली आहे. ट्रिपची वेळ १० मिलिसेकंद धरून अ‍ॅडियाबॅटिक सूत्राने २२ चौ.मिमी. येते. पॅनेलवाले म्हणतात १० पुरेसे आहे. कोणाचे बरोबर?

उत्तर:

पॅनेलच्या टोकापुरते पॅनेलवाल्यांचे म्हणणे बहुधा बरोबर निघेल. मात्र तुमच्या केबलची खरी अडचण तिथे नसून ९० मीटर पलीकडच्या टोकाला आहे, आणि तिकडे तुम्हा दोघांपैकी कोणीही पाहिलेले दिसत नाही.

आधी तुमच्या हिशेबाबद्दल. तुम्ही वापरलेले सूत्र असे:

```
I²t ≤ k²S²
k = 115  (तांबे, पीव्हीसी, 70°C ते 160°C)
k²S² = 115² × 10² = 13,22,500 A²s
```

उजवी बाजू केबलची आहे. फॉल्टचा काळ इतका थोडा असतो की तारेत निर्माण झालेली उष्णता इन्सुलेशनमधून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती सगळी तांब्यातच साठते असे धरले जाते. पूर्ण भाराने ७० अंशांवर असलेले तांबे १६० अंशांपर्यंत जायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी म्हणजे k²S². तुमच्या केबलसाठी ती १३.२ लाख येते आणि तिच्यात चूक नाही. हे गृहीतक साधारण ५ सेकंदांपर्यंत वापरता येते.

चूक डाव्या बाजूला आहे. २५,००० चा वर्ग गुणिले ०.०१ म्हणजे ६२.५ लाख, हा आकडा ना केबलला सोसावा लागतो, ना ब्रेकर तो पार होऊ देतो. २५ किलोअँपिअर हा ब्रेकरच्या जागी नुसती पट्टी असती तर वाहिला असता असा अपेक्षित प्रवाह आहे. करंट लिमिटिंग प्रकारच्या एमसीसीबीमध्ये फॉल्ट सुरू झाल्यावर काही मिलिसेकंदांतच संपर्क एकमेकांपासून ढकलले जातात आणि त्यांच्यात ताणल्या गेलेल्या आर्कचा विरोध प्रवाहाला त्याच्या शिखरापर्यंत पोहोचूच देत नाही. शिवाय वेळ-प्रवाह वक्र ०.०१ सेकंदाशी सपाट झालेला दिसतो, तो पुष्कळदा आलेखाचा तळ असतो. ब्रेकरला नेमके १० मिलिसेकंद लागतात असा त्याचा अर्थ नाही.

यावरून १० मिलिसेकंद धरणे निदान सुरक्षित बाजूचे तरी आहे, असे वाटू शकते. तसेही नाही. ब्रेकर करंट लिमिटिंग नसेल आणि फॉल्ट व्होल्टेजच्या प्रतिकूल क्षणी घडला, तर पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये प्रवाहात डीसी घटक मिसळलेला असतो. या पातळीच्या फॉल्टला चाचणीत धरतात तो ०.२५ पॉवर फॅक्टर घेऊन मी ते समाकलन केले, तेव्हा पहिल्या १० मिलिसेकंदांतली ऊर्जा नुसत्या I² × ०.०१ च्या सुमारे दुप्पट आली. म्हणजे तोच हिशेब एका ब्रेकरसाठी खूप जास्त आणि दुसऱ्यासाठी खूप कमी ठरतो. म्हणूनच आयईसी ६०३६४-४-४३ मध्ये ०.१ सेकंदापेक्षा कमी काळासाठी आणि करंट लिमिटिंग उपकरणांसाठी उत्पादकाने दिलेला I²t घ्यावा आणि k²S² त्याहून मोठा असावा, असे सांगितले आहे. चाचणीतून आलेल्या त्या आकड्यात डीसी घटकाचा परिणाम आधीच धरलेला असतो.

त्यासाठी एमसीसीबीच्या कॅटलॉगमधला लेट-थ्रू एनर्जीचा आलेख उघडा. आडव्या अक्षावर अपेक्षित प्रवाह असतो, उभ्या अक्षावर A²s. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक असल्यामुळे दोन रेषांच्या मधला बिंदू डोळ्याने अर्धा धरू नका. शेजारीच शिखर प्रवाहाचा, किलोअँपिअरमधला, अगदी तसाच दिसणारा दुसरा आलेख असतो, आणि घाईत तोच वाचलेला मी एकाहून अधिक हिशेबांत पाहिला आहे. वक्र ४१५ व्होल्टचा आणि तुमच्याच फ्रेमचा व रेटिंगचा हवा. २३० व्होल्टच्या वक्रावरचे आकडे कमी असतात. ब्रेकरऐवजी फ्यूज असता तर प्री-आर्किंग I²t न घेता आर्क विझेपर्यंतचा एकूण I²t घ्यावा लागला असता.

तुमच्या एमसीसीबीचा वक्र माझ्यासमोर नाही, म्हणून केवळ पद्धत दिसावी एवढ्यासाठी २५ किलोअँपिअरला ५ लाख A²s वाचले असे धरतो. केबलची क्षमता १३.२ लाख, म्हणजे १० चौ.मिमी. पास. याच जागी ६ चौ.मिमी. असती तर तिची क्षमता ४.७६ लाख भरते आणि ती थोडक्यात नापास झाली असती. पॅनेलवाल्यांच्या "पुरेसे आहे" या शब्दांमागे असा वाचलेला आकडा आहे का, हे त्यांना जरूर विचारा. "एमसीसीबी करंट लिमिटिंग आहे" एवढे सांगणे म्हणजे पडताळणी नव्हे.

आता दुसरे टोक. ब्रेकरचा पूर्ण I²t वक्र डावीकडून उजवीकडे वाचत गेलात, तर तो सरळ चढत जात नाही. कमी प्रवाहाला थर्मल भाग सेकंदांमध्ये तोडतो, म्हणून पार होणारी ऊर्जा मोठी असते. मॅग्नेटिक सेटिंग ओलांडले की वेळ एकदम मिलिसेकंदांवर येते आणि ऊर्जा कड्यावरून पडावी तशी खाली येते. तिथून पुढे प्रवाहाबरोबर ती पुन्हा हळूहळू चढते. केबलची k²S² ही या आलेखावर एक आडवी रेषा आहे, आणि केबलमध्ये कुठेही संभवणाऱ्या सगळ्या फॉल्ट प्रवाहांसाठी ब्रेकरचा वक्र त्या रेषेखाली राहिला पाहिजे. त्यामुळे पॅनेललगतचा सर्वांत मोठा आणि दूरच्या टोकाचा सर्वांत लहान, असे दोन्ही प्रवाह तपासावे लागतात.

तुमच्याकडे सर्वांत लहान प्रवाह हीटर पॅनेलपाशी फेज आणि न्यूट्रल यांच्यात झालेल्या शॉर्टचा येतो. न्यूट्रलही १० चौ.मिमी. आहे असे धरले आहे. १० चौ.मिमी. तांब्याचा रोध २० अंशांना किलोमीटरला १.८३ ओहम असतो. ७० अंशांवर तो सुमारे १.२ पट होतो.

```
R  = 2 × 0.090 × 1.83 × 1.2 = 0.395 ohm
U  = 0.95 × 240 = 228 V
I  = 228 / 0.395 ≈ 577 A
t  = 13,22,500 / 577² ≈ 4.0 s
```

ट्रान्सफॉर्मरकडचा इम्पिडन्स एक शतांश ओहमच्या आसपास आहे, म्हणून तो इथे सोडला तरी चालतो. मुख्य पॅनेलवरचे २५,००० अँपिअर ९० मीटरनंतर ५७७ वर आले आहेत. फॉल्ट चालू असताना तांबे आणखी तापून रोध वाढतो, तेव्हा प्रत्यक्षातला प्रवाह याहूनही थोडा कमीच असेल.

तुमचे मॅग्नेटिक सेटिंग ६३० अँपिअर आहे आणि त्याला २० टक्के कमी-अधिक सूट असते, म्हणजे ७५६ अँपिअरच्या वरच ते खात्रीने तोडेल. ५७७ ला ते तोडेल किंवा तोडणार नाही. तोडले नाही तर फॉल्ट थर्मल भागाच्या हाती जातो. मग थर्मल वक्राच्या पट्ट्याची वरची कड, म्हणजे सर्वांत उशिराची वेळ, ५० अँपिअरच्या साडेअकरा पटीला वाचा. ती ४ सेकंदांहून जास्त निघाली तर केबल तिथे नापास आहे. कड ४ च्या अगदी जवळ असली तरी मी ती पास धरणार नाही, कारण लांबी मोजण्यात थोडी चूक झाली तरी निकाल फिरतो. दिसायला हा फॉल्ट सौम्य असतो, मोठा आवाजही होत नाही, आणि केबल पूर्ण लांबीभर आतून भाजत राहते. पुढे महिन्यांनी इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरलेला आढळतो, तेव्हा मूळ फॉल्ट कोणाच्या लक्षातही नसतो.

उपाय अवघड नाही. हीटरला मोटारीसारखा सुरुवातीचा मोठा प्रवाह लागत नाही, त्यामुळे मॅग्नेटिक सेटिंग बदलता येत असेल तर ते ६ पटीवर, म्हणजे ३७८ अँपिअरवर आणा. २० टक्के धरून खात्रीची मर्यादा ४५४ होते आणि ५७७ तिच्या वर राहतो. त्यानंतर ब्रेकर मिलिसेकंदांत तोडतो आणि ऊर्जेचा प्रश्न या टोकाला उरतच नाही. सेटिंग कायमचे ठरलेले असेल, तर १६ चौ.मिमी. केबल घ्यावी लागेल: तिचा रोध किलोमीटरला १.१५ ओहम, त्यामुळे त्याच टोकाला सुमारे ९१० अँपिअर येतात आणि ७५६ ओलांडले जातात. लक्षात घ्या, इथे केबल वाढवण्याचे कारण k²S² मोठा करणे हे नसून ब्रेकरला फॉल्ट दिसावा हे आहे. एक्सएलपीई घेतल्याने k १४३ होईल आणि वेळ वाढून मिळेल, पण रोध तोच राहत असल्याने ५७७ चा प्रवाह बदलणार नाही. अर्थिंग वाहकाची हीच तपासणी अर्थ फॉल्टचा प्रवाह आणि त्या वाहकाचा स्वतःचा k घेऊन निराळी करावी लागते.

शेवटी एक गोष्ट पॅनेल उघडून पाहा. लेट-थ्रूचा आकडा फक्त ब्रेकरच्या पुढच्या तारेला लागू होतो. एका कारखान्यात मीटरसाठी बसबारवरून थेट, मध्ये फ्यूज न घालता, २.५ चौ.मिमी.ची तार नेलेली होती आणि तिच्या मागे ०.४ सेकंद उशिराने तोडणारा एसीबी होता. त्या तारेची क्षमता ८२,६५६ A²s. २५ किलोअँपिअरला ती ०.१३ मिलिसेकंदात संपते. दाराच्या बिजागरीपाशी ती तार घासली गेली आणि शॉर्ट झाली, तेव्हा तार तर गेलीच, पण त्या आर्कने बसबारचा कप्पाही जाळला. तुमच्या एमसीसीबीच्या अलीकडून अशी एखादी बारीक तार निघत असेल, तर तिचा फ्यूज बसबारलगतच बसवून घ्या.